एसजीपीटी काय सांगते आणि बिलिरुबिन काय सांगते

लिव्हरच्या तपासणीचा रिपोर्ट आता डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या हातात पडतो. सकाळी रक्त दिले की संध्याकाळी मोबाइलवर पीडीएफ येते. तिच्यात दहा-बारा ओळी, प्रत्येक ओळीत एक आकडा, शेजारी ‘नॉर्मल’ची मर्यादा, आणि मर्यादेबाहेर गेलेले आकडे ठळक टाइपात. डॉक्टरांची वेळ उद्याची असते, त्यामुळे रात्रभर ठळक आकड्यांची बेरीज चालते: दोनाऐवजी चार आकडे ठळक म्हणजे आजार दुप्पट, एसजीपीटी ६०ऐवजी ९० आली म्हणजे लिव्हर दीडपट बिघडले. या हिशेबाचा पायाच चुकीचा आहे. रिपोर्टातल्या ओळी एकाच बिघाडाची कमी-जास्त मापे नाहीत, त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. एसजीपीटी आणि एसजीओटी ही एन्झाइम्स सांगतात की गेल्या काही दिवसांत यकृताच्या पेशी किती वेगाने दुखावल्या जात आहेत. बिलिरुबिन सांगते की एका पिवळ्या टाकाऊ द्रव्याची शरीरातून बाहेर जाण्याची वाट कुठेतरी अडली आहे, किंवा ते द्रव्यच जास्त तयार होते आहे. आणि ‘माझे लिव्हर काम करते आहे ना’ हा जो खरा प्रश्न असतो, त्याचे थेट उत्तर या दोघांपैकी कोणाकडेच नसते. ते भलत्याच ओळीत, कधी तर वेगळ्या तपासणीत सापडते. पुढच्या पानांत एकेक चाचणी स्वतंत्रपणे येईल. त्याआधी या दोन आकड्यांमधला फरक पक्का करून घ्यायला हवा, कारण तो कळला नाही तर उरलेले सगळे पाठ करूनही उपयोगाचे नाही.

एन्झाइम्सपासून सुरुवात करू. एसजीपीटी, जिला बऱ्याच लॅब आता एएलटी म्हणतात, आणि एसजीओटी म्हणजेच एएसटी, ही दोन्ही पेशीच्या आतली कामगार मंडळी. त्यांचे काम पेशीतच असते, रक्तात त्यांना काही काम नाही. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात, त्यात थोडे एन्झाइम रक्तात येतेच. म्हणून निरोगी माणसातही साधारण ४० युनिटपर्यंतचा आकडा दिसतो. पेशीच्या आवरणाला इजा झाली, मग ती विषाणूने असो, औषधाने, दारूने किंवा साठलेल्या चरबीने, की गळती वाढते आणि आकडा चढतो. पुराच्या पाण्यात वाहत आलेली भांडी मोजावीत तसे हे मोजणे आहे: वरच्या गावात आत्ता किती घरांत पाणी शिरले आहे याचा अंदाज त्यावरून येतो, किती घरे अजून शाबूत आहेत याचा येत नाही. आणि हे ‘आत्ता’ फार थोडक्या काळाचे असते. रक्तात आलेली एसजीओटी सतरा-अठरा तासांत निम्मी होते, एसजीपीटी सुमारे दोन दिवसांत. म्हणजे आजचा आकडा मागच्या आठवड्याची बातमी आहे, मागच्या वर्षाची नाही. शिवाय दोघींचे माहेर सारखे नाही. एसजीपीटी प्रामुख्याने यकृतातली, तर एसजीओटी स्नायूंत, हृदयात, तांबड्या रक्तपेशींतही भरपूर असते. जिममध्ये नव्याने वजने उचलू लागलेल्या तरुणाच्या रिपोर्टात दोन्ही वाढलेल्या दिसतात आणि त्याचे यकृत अगदी ठणठणीत असू शकते. सीपीके ही स्नायूंची चाचणी केली की उलगडा होतो. १९५० च्या दशकात रक्तातल्या एसजीओटीकडे डॉक्टरांचे लक्ष प्रथम गेले तेही यकृतासाठी नव्हे, हृदयविकाराच्या झटक्यासाठी.

इथे पहिली शंका निघते: आकडा जितका मोठा तितकी इजा मोठी, हे तरी खरे ना? त्या घटकेपुरते खरे आहे, पुढे काय होणार यासाठी नाही. रक्तदाब काही तास फार खाली गेला तर एसजीपीटी चार-पाच हजारांवर जाते आणि रक्तदाब सावरला की आठवड्याभरात उतरते. पुष्कळदा यकृत पूर्ण भरून येते. उलट सिरोसिस झालेल्या, म्हणजे यकृताचा मोठा भाग चट्टा होऊन आकसलेल्या माणसाची एसजीपीटी ३५ असू शकते, ठळक टाइपसुद्धा नाही. गळायला पेशीच थोड्या उरलेल्या असतात. अशा रिपोर्टात सुगावा लागतो तो इतरत्र: अल्ब्युमिन साडेतीनच्या खाली, एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त, आणि हिमोग्रामच्या कागदावर प्लेटलेट दीड लाखाच्या खाली. त्यामुळे ‘एन्झाइम नॉर्मल आले, लिव्हर चांगले आहे’ हे वाक्य ‘एन्झाइम वाढले, लिव्हर गेले’ या वाक्याइतकेच अर्धवट आहे. माझ्या मते पहिले जास्त धोक्याचे, कारण त्याने माणूस निश्चिंत होतो.

बिलिरुबिनची गोष्ट वेगळ्या ठिकाणी सुरू होते. तांबडी रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनमधल्या हीमपासून, त्यातले लोह काढून घेतल्यावर, बिलिरुबिन बनते, दिवसाला साधारण पाव ग्रॅम. हे कच्चे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्ब्युमिनला चिकटून यकृतापर्यंत येते. तिथल्या पेशी एका विशिष्ट एन्झाइमच्या मदतीने त्याला साखरेसारखा एक रेणू जोडतात, मग ते विरघळणारे होते आणि पित्ताबरोबर नळीतून आतड्यात जाते. शौचाचा तपकिरी रंग त्यातूनच येतो. रिपोर्टातले ‘इनडायरेक्ट’ म्हणजे ढोबळमानाने कच्चे, ‘डायरेक्ट’ म्हणजे जोडलेले. आता अडथळ्याच्या तीन जागा स्पष्ट दिसतात. यकृताच्या अलीकडे, म्हणजे रक्तपेशी वाजवीपेक्षा जास्त मोडत आहेत, यकृताच्या आत, किंवा यकृताच्या पलीकडे, पित्तनलिकेत. अलीकडे गडबड असेल तर इनडायरेक्ट वाढते. पलीकडे असेल तर डायरेक्ट वाढते आणि ते विरघळणारे असल्याने लघवीत उतरते. म्हणूनच कावीळ झालेल्या माणसाला लघवीचा आणि शौचाचा रंग विचारतात तो उगाच नव्हे. डोळे पिवळे पण लघवी पाण्यासारखी असेल तर बहुधा कच्चे बिलिरुबिन वाढले आहे. लघवी चहाच्या अर्कासारखी असेल तर जोडलेले. शौचही पांढुरके मातीच्या रंगाचे असेल तर पित्त आतड्यात पोहोचतच नाही. हे निरीक्षण घरी, फुकट होते, आणि कोणत्याही पीडीएफमध्ये ते छापलेले नसते.

एकटे बिलिरुबिन वाढले आणि बाकी सगळ्या ओळी नॉर्मल, असा रिपोर्ट फार लोकांना विनाकारण घाबरवतो. एकूण बिलिरुबिन २.१, त्यातले इनडायरेक्ट १.७, एसजीपीटी २४, हिमोग्लोबिन उत्तम: वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाचे बहुधा निदान गिल्बर्ट सिंड्रोम, ज्याचे वर्णन ओग्युस्तँ गिल्बर्ट या फ्रेंच डॉक्टरांनी १९०१ मध्ये केले. बिलिरुबिनला रेणू जोडणारे एन्झाइम अशा माणसांत जन्मतःच थोडे मंद असते, एवढेच. शंभरातल्या तीन ते दहा जणांत ते आढळते. आजार म्हणावे असे त्यात काही नाही आणि औषध लागत नाही. उपाशीपोटी, तापात, जागरणाने आकडा वर जातो. श्रावणात किंवा नवरात्रात कडक उपवास धरून त्यातच हेल्थ चेकअप करून घेतला, तर १.३ असणारे बिलिरुबिन अडीचवर दिसू शकते आणि उपवास सुटल्यावर आपोआप उतरते. पण हा निष्कर्ष काढण्याआधी एक दार बंद करावे लागते: रक्तपेशी मोडत तर नाहीत ना? विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे किंवा नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि तिथे हाच रिपोर्ट निराळा अर्थ घेऊन येतो. हिमोग्लोबिन कमी आणि रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्या कोवळ्या तांबड्या पेशी, वाढलेल्या असतील तर तो गिल्बर्ट नव्हे. दोन्ही बाबतींत यकृत मात्र निर्दोष आहे. कावीळ दिसते आणि यकृताचा आजार नाही, हे अनेकांना पटत नाही, पण वस्तुस्थिती तशी आहे.

याच्या उलटचा रिपोर्ट आज शहरांत सर्वांत जास्त दिसतो: एसजीपीटी ७८, एसजीओटी ५२, बिलिरुबिन ०.७. पोट सुटलेले, साखर काठावर, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. पेशींना मंद पण सततची इजा होते आहे, वाहतुकीला मात्र काही झालेले नाही. यकृताकडे क्षमतेचा साठा मोठा असतो, त्यामुळे बिलिरुबिन वाढायला बरेच काही बिघडावे लागते. ते नॉर्मल आहे यात वर्षानुवर्षांच्या इजेबाबत फारसा दिलासा नाही. इथे प्रश्न एका आकड्याचा नसून चट्टा पडू लागला आहे का, हा असतो, आणि त्यासाठी फायब्रोस्कॅन किंवा वय, प्लेटलेट व एन्झाइम्स यांवरून काढलेला फिब-फोर हा निर्देशांक उपयोगी पडतो. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट किंवा अधिक असेल तर दारूचा विचार आधी येतो. ‘मी घेतो ते थोडेच’ हे उत्तर डॉक्टर ऐकतात आणि जीजीटीची ओळ पाहतात, अर्थात जीजीटीही इतर कारणांनी वाढते.

दोन्ही आकडे एकत्र वाढतात तेव्हा खरा गोंधळ उडतो. पावसाळ्यातली दूषित पाण्याची कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए, घेऊन तो दिवसागणिक पाहू. समजा, चोवीस वर्षांचा एक विद्यार्थी ताप, मळमळ आणि जेवणाची शिसारी घेऊन येतो. पहिल्या रिपोर्टात एसजीपीटी २१००, बिलिरुबिन ४.२. आठव्या दिवशी एसजीपीटी ६४०, बिलिरुबिन ११.८. घरचे हादरतात: कावीळ तिपटीने वाढली! पण एन्झाइम तिपटीने उतरले आहेत, म्हणजे विषाणूचा हल्ला ओसरला आहे. तुंबलेले बिलिरुबिन त्याच्या मागून चढते आणि त्याच्या मागूनच उतरते. तिसऱ्या आठवड्यात एसजीपीटी ९०, बिलिरुबिन ४.५, भूक परतलेली, लघवी स्वच्छ, तरी डोळ्यांत पिवळेपणा शिल्लक. याचेही कारण आहे. डायरेक्ट बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला कायमचा चिकटून बसतो, आणि अल्ब्युमिन निम्मे व्हायला दोन-तीन आठवडे घेते. तो भाग लघवीत उतरत नाही, म्हणून लघवी आधी स्वच्छ होते आणि डोळे मागाहून. आठव्या दिवशीचा रिपोर्ट खरोखर दिलासा देणारा होता का, हे मात्र या दोन आकड्यांवरून ठरत नाही. ठरवणारा आकडा तिसराच, पीटी-आयएनआर. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवते आणि त्यांतले काही तासांतच संपतात, म्हणून कारखाना थांबला तर आयएनआर दोन-तीन दिवसांत बोलू लागतो. आयएनआर १.१ असेल तर बिलिरुबिन ११.८ची काळजी करू नये. पण एसजीपीटी २१०० वरून ६४० वर, बिलिरुबिन ११.८ वरून १८ वर, आयएनआर २.४, आणि मुलगा दिवसा झोपाळलेला, रात्री बडबडणारा, असे चित्र असेल तर एन्झाइम उतरण्याचा अर्थ बरे होणे नसून पेशी संपत येणे असतो. एसजीपीटीच्या त्याच घसरणीचे हे दोन विरुद्ध अर्थ, आणि आयएनआरची चाचणी लिव्हरच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये बहुधा नसते. ती मागावी लागते. गरोदर स्त्रीला हिपॅटायटिस ई झाला असेल, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर ती पहिल्याच दिवशी मागावी.

इथेच ‘कावीळ उतरवण्या’विषयी बोलायला हवे, कारण मोठा आक्षेप तिथूनच येतो. गळ्यात घातलेली माळ दिवसेंदिवस लांबत जाते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि माणूस बरा होतो. हे लाखोंनी डोळ्यांनी पाहिले आहे, मग नाकारायचे कसे? पाहिलेले नाकारण्याची गरजच नाही. हिपॅटायटिस ए शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक जणांत आपणहून बरा होतो. लोक माळ घालायला जातात ते डोळे पिवळे झाल्यावर, म्हणजे वर पाहिल्याप्रमाणे हल्ला ओसरू लागल्यानंतर. त्या दिवसापासून काहीही केले, अगदी काहीच केले नाही, तरी काही आठवड्यांत कावीळ उतरणारच. माळ सैल विणीची असल्याने लांबते. पाण्याचा पिवळा रंग हातावर आधी चोळलेल्या सालीच्या रसातून येतो, निरोगी माणसाच्या हातालाही तो तसाच येईल. माळेने थेट इजा होत नाही. इजा होते ती उरलेल्या काविळींत. पित्तनलिकेत खडा अडकला आहे, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, औषधाने यकृत जळते आहे, आणि महिना माळेत गेला.

खडा किंवा गाठ असेल तर रिपोर्टात आणखी एक ओळ पुढे येते, अल्कलाइन फॉस्फेटेज. पित्ताची वाट तुंबली की नळ्यांच्या कडेच्या पेशी हे एन्झाइम नव्याने बनवतात, त्यामुळे ते चढायला एक-दोन दिवस लागतात. या काळात रक्त दिले तर फसगत होते: खडा नुकताच अडकलेल्या माणसात एसजीपीटी पाचशेवर आणि फॉस्फेटेज जवळपास नॉर्मल दिसते, आणि कोणीही विषाणूची कावीळ समजेल. उजव्या बरगडीखालची कळ, थंडी वाजून ताप आणि सोनोग्राफी यांवरून खरे काय ते कळते. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांमुळे आणि गरोदरपणी वारेमुळे फॉस्फेटेज वाढलेलेच असते, हे सांगायला हवे, नाहीतर दहावीतल्या मुलाचा रिपोर्ट घेऊन लोक पित्तनलिका शोधत बसतात. वेदना नसलेली, वाढत जाणारी कावीळ, अंगाला खाज आणि घटते वजन, असे साठीच्या पुढच्या माणसाला झाले असेल तर दोन आठवडे वाट पाहण्याचाही प्रश्न नाही.

औषधांच्या बाबतीत एन्झाइम आणि बिलिरुबिन यांच्यातला फरक जीवनमरणाचा ठरतो. क्षयाच्या उपचारातली आयसोनायझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला इजा करू शकतात. उपचार सुरू झाल्यावर अनेकांची एसजीपीटी थोडी वाढते आणि औषधे चालू असतानाच पुन्हा उतरते. यकृत जुळवून घेते. ती वाढ पाहून घाबरून रुग्णाने गोळ्या सोडल्या तर क्षय उलटतो, कधी औषधांना न जुमानणारा होऊन. म्हणून डॉक्टर लक्षणे नसताना एसजीपीटी नॉर्मलच्या पाचपट होईपर्यंत, आणि मळमळ, उलटी, पोटदुखी असेल तर तिपटीपर्यंत, मर्यादा धरतात. पण एन्झाइम तिपटीपलीकडे आणि सोबत बिलिरुबिन दुपटीपलीकडे गेले, आणि नळी तुंबल्याची खूण नसेल, तर चित्र पालटते. हायमन झिमरमन या अमेरिकी यकृततज्ज्ञांनी दाखवून दिले की औषधाने पेशींना इजा होऊन कावीळही झालेल्या रुग्णांत सुमारे दहातला एक दगावतो. आता इजा इतकी पसरली आहे की राखीव साठा संपून वाहतूकही कोलमडली आहे, असा या जोडीचा अर्थ. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ या समजुतीलाही हाच नियम लागू. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत गेला, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. गुळवेल हे विष आहे असा त्याचा अर्थ नाही, आणि त्यावर वादही झाला. पण डॉक्टरांना सांगायच्या औषधांच्या यादीत काढा, भस्म, प्रोटीन पावडर आणि वजन कमी करणाऱ्या गोळ्या यायलाच हव्यात.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांकडून येतो: रुग्णाने हे सगळे जाणून करायचे काय, अर्धवट ज्ञानाने भीतीच वाढते. भीती वाढते ती ठळक टाइपाने, आणि तो आधीच त्याच्या हातात आहे. शिवाय निदानाला लागणारी निम्मी माहिती फक्त रुग्णाजवळच असते: लघवी कधीपासून गडद झाली, ताप आधी आला की पिवळेपणा, दोन महिन्यांत कोणत्या गोळ्या घेतल्या, तपासणीच्या आदल्या दिवशी उपवास होता की जिम. जुने रिपोर्टही त्याच्याकडेच असतात, आणि पाच वर्षांपूर्वीचे १.६ बिलिरुबिन दाखवले तर आजच्या १.९ साठी सीटी स्कॅन टळतो. नुसती एसजीपीटी दुपटीच्या आत वाढलेली, बिलिरुबिन नॉर्मल आणि प्रकृती ठीक असेल तर घाईचे कारण नाही. दारू, काढे आणि जड व्यायाम थांबवून काही आठवड्यांनी, जमल्यास त्याच लॅबमध्ये, चाचणी पुन्हा करावी, आणि आकडा वर राहिलाच तर हिपॅटायटिस बी व सी आणि साखर तपासून सोनोग्राफी करावी. पण डोळे पिवळे आणि त्यासोबत सततची उलटी, हिरड्यांतून रक्त, थंडी वाजून ताप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी एकही गोष्ट असेल, तर रिपोर्टात कोणता आकडा ठळक आहे हे बघत बसू नये. त्याच दिवशी, आयएनआर आणि सोनोग्राफी होऊ शकेल अशा रुग्णालयात जावे.